अपवर्कवरील प्रोफाइल शोधातून वारंवार नाहीसे होते, तेव्हा बिघाड नेमका कोठे असतो

अपवर्क या फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या साइटवरून येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत असते. काही महिने क्लायंटकडून आपणहून इन्व्हाइट येत होते, प्रोफाइल पाहणाऱ्यांची संख्याही बरी होती आणि मग एकाएकी सगळे थंडावले. मधल्या काळात प्रोफाइलमध्ये तर काहीच बदललेले नाही. असे झाले की फ्रीलान्सर आधी फोटो बदलतो, मग ओव्हरव्ह्यू नव्याने लिहितो आणि शेवटी कनेक्ट्स, म्हणजे साइटवरचे टोकन, खर्चून प्रोफाइल बूस्ट करतो. थोडी हालचाल होते, महिन्याभरात पुन्हा तीच शांतता. हा प्रकार वर्षातून दोनदा-तीनदा होत असेल, तर दोष लेखनात नसून आपण चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत आहोत, असे समजावे.

क्लायंट शोधाच्या चौकटीत काही शब्द टाकतो, तेव्हा प्रोफाइलला एकामागून एक चार ठिकाणे पार करावी लागतात. प्रथम ते शोधासाठी उपलब्ध असले पाहिजे. मग क्लायंटने लावलेल्या फिल्टरमधून ते सुटले पाहिजे. त्यानंतर टाकलेल्या शब्दांशी ते जुळले पाहिजे आणि उरलेल्या प्रोफाइलमध्ये त्याचा क्रम लागला पाहिजे. शेवटी यादीत दिसल्यावर क्लायंटने त्यावर क्लिक केले पाहिजे. ‘रँकिंग’ म्हणून ज्याची चर्चा होते ते यांतले तिसरे ठिकाण आहे, आणि त्यातील घटकांना किती वजन द्यायचे हे सूत्र कंपनी उघड करत नाही. पहिली दोन ठिकाणे मात्र अगदी ढोबळ आहेत. तेथे गुण मिळत नाहीत, फक्त आत किंवा बाहेर असा निकाल लागतो. वारंवार नाहीसे होणारी प्रोफाइल मला बहुतेक वेळा या दोन ठिकाणी अडकलेली सापडली आहेत, म्हणून तपासणी तेथूनच सुरू करावी.

दार उघडे आहे का

प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये दृश्यमानतेचे तीन पर्याय असतात: `Public`, `Only Upwork users` आणि `Private`. पहिल्यात प्रोफाइल बाहेरच्या गूगल शोधातही येऊ शकते, दुसऱ्यात फक्त लॉग-इन केलेल्या लोकांना दिसते आणि तिसऱ्यात क्लायंटच्या शोधातून ते पूर्णपणे वगळले जाते. तिसऱ्या अवस्थेतही आपण अर्ज करू शकतो आणि ज्या क्लायंटकडे अर्ज केला आहे त्याला आपले प्रोफाइल दिसते, त्यामुळे काही बिघडले आहे हे लक्षातच येत नाही. फक्त इन्व्हाइट येणे बंद होते. खाते बराच काळ निष्क्रिय राहिले तर हे सेटिंग आपोआप खाजगीवर जाऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा एखाद्या लांबलेल्या बाहेरच्या कामानंतर परतणाऱ्यांची तक्रार येथेच मिटते. खात्री करण्यासाठी प्रोफाइलची लिंक कॉपी करून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, लॉग-इन न करता, उघडावी. ती उघडली तर दार उघडे आहे. न उघडल्यास सेटिंग पाहावे. आठवड्याला किती तास उपलब्ध आहोत, ही नोंदही त्याच फेरीत तपासावी, कारण कामाचा ताण असताना ‘सध्या उपलब्ध नाही’ असे करून ठेवायचे आणि नंतर विसरायचे, हे फार जणांकडून होते.

गाळणीत कोण अडकते

क्लायंटच्या शोधपानावर कामाची श्रेणी, ताशी दर, आतापर्यंतची कमाई, ‘जॉब सक्सेस’चा टक्का, बॅज, इंग्रजीची पातळी, ठिकाण असे अनेक फिल्टर असतात. यांतील प्रत्येक फिल्टर आपल्या एखाद्या नोंदीवर चालतो आणि ती नोंद सीमारेषेजवळ असेल तर किरकोळ बदलानेही आपण पूर्ण बाहेर पडतो. दराचे उदाहरण सोपे आहे. फिल्टर 10 डॉलरपर्यंत, 10 ते 30, 30 ते 60 आणि त्याहून अधिक असे गट करतो. स्पर्धेत टिकायचे म्हणून बाराचा दर नऊवर आणणारा माणूस स्वस्त होतोच, शिवाय मधल्या गटात शोधणाऱ्या क्लायंटच्या यादीतून उठून तो सर्वांत खालच्या गटात जाऊन बसतो, आणि त्या गटात गर्दी सर्वाधिक असते.

मात्र वारंवार घडणाऱ्या बिघाडाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी समजलेले कारण म्हणजे जॉब सक्सेस स्कोअर. क्लायंटसमोर येणाऱ्या पर्यायांत ‘80 टक्के व अधिक’ आणि ‘90 टक्के व अधिक’ अशा दोन पायऱ्या असतात. शिवाय टॉप रेटेड बॅजसाठीही 90 टक्के लागतातच. त्यामुळे 91 आणि 89 यांतील फरक वाचायला दोन टक्क्यांचा असला तरी शोधाच्या दृष्टीने तो असण्या-नसण्याचा फरक असतो.

हा टक्का काढण्याची मूळ पद्धत अशी: यशस्वी ठरलेल्या कामांमधून अयशस्वी ठरलेली कामे वजा करायची आणि एकूण कामांनी भागायचे. काम कोणत्या बाजूला पडले हे ठरवताना सर्वांना दिसणाऱ्या ताऱ्यांबरोबर, कॉन्ट्रॅक्ट बंद करताना क्लायंटने दिलेला खाजगी अभिप्रायही धरला जातो, आणि तो आपल्याला कधीच दाखवला जात नाही. मोठ्या रकमेच्या कामांचे वजन अधिक असते. ही बेरीज-वजाबाकी गेल्या 6, 12 आणि 24 महिन्यांसाठी वेगवेगळी केली जाते आणि तिन्हींतला जो आकडा सर्वांत चांगला असेल तो प्रोफाइलवर लागतो.

आता यात वारंवारता कोठून येते ते एका खऱ्या प्रकरणावरून पाहू. माझ्या ओळखीच्या, सांगलीत राहून ऑस्ट्रेलियातील छोट्या दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्या एका बाईंचे प्रोफाइल सहा महिन्यांत असेच थंडावले होते. त्यांचे म्हणणे होते की या काळात कोणीही वाईट अभिप्राय दिलेला नाही, आणि ते खरेच होते. आम्ही त्यांच्या झालेल्या कामांची यादी वहीत तारखांसह उतरवून काढली. मोठ्या-छोट्या कामांचे वजन बाजूला ठेवून केलेला हिशेब असा दिसत होता.

```
आधी (24 महिने):   20 कामे, 19 चांगली, 1 वाईट → (19-1)/20 = 90%
नंतर (24 महिने):  12 कामे, 11 चांगली, 1 वाईट → (11-1)/12 = 83%
नंतर (12 महिने):   5 कामे,  4 चांगली, 1 वाईट → (4-1)/5   = 60%
```

मधल्या सहा महिन्यांत बाई एकाच मोठ्या क्लायंटच्या चालू कामात गुंतल्या होत्या, त्यामुळे नवे काहीही बंद झाले नाही. त्याच वेळी 24 महिन्यांच्या खिडकीच्या मागच्या टोकाकडून आठ जुनी, चांगली कामे बाहेर पडली. वाईट ठरलेले एकमेव काम मात्र अलीकडचे असल्यामुळे आतच राहिले. भागाकाराचा खालचा आकडा लहान झाला, तेच एक काम जड झाले आणि टक्का 90 वरून 83 वर आला. प्रत्यक्ष प्रोफाइलवरचा आकडा वजनांमुळे थोडा निराळा होता, पण घसरण याच वाटेने झाली होती. खिडकी रोज पुढे सरकत असल्यामुळे हे पुन्हा-पुन्हा घडते: एखाद्या वर्षी भरपूर छोटी कामे केली आणि नंतर मोजकी मोठी घेतली, की बरोबर दोन वर्षांनी त्या छोट्या कामांचा आधार निघून जातो. उधारीची वही जुनी पाने फाडत पुढे जावी, तसे हे आहे.

यावर ओव्हरव्ह्यू सुधारून काहीही होत नाही. खिडकीत नवी, समाधानाने बंद झालेली कामे आणणे हाच उपाय आहे. बाईंकडे दोन कॉन्ट्रॅक्ट अशी होती की काम संपून महिने झाले होते, पैसेही मिळाले होते, पण ‘पुढे लागेल तेव्हा’ म्हणून क्लायंटने ती उघडीच ठेवली होती. त्यांनी दोघांनाही नम्रपणे लिहिले की काम पूर्ण झाले असल्यास आपल्या बाजूने कॉन्ट्रॅक्ट बंद करून अभिप्राय द्यावा. पुढचे काम निघाल्यास नवे कॉन्ट्रॅक्ट लगेच करता येईल. अशी विनंती करताना एक पथ्य पाळावे लागते. चांगला अभिप्राय मिळावा म्हणून सवलत देऊ करणे, पैसे परत करणे किंवा ताऱ्यांची संख्या सुचवणे हे नियमांत बसत नाही आणि खाते धोक्यात येते. टॉप रेटेड बॅज असलेल्यांना एखाद्या कॉन्ट्रॅक्टचा अभिप्राय गणनेतून काढण्याची सवलत काही अटींवर मिळते. टक्का घसरून बॅजच गेला की ती सवलतही जाते, म्हणून खिडकीतून किती जुनी कामे लवकरच बाहेर पडणार आहेत हे आधीच पाहून तिचा उपयोग करावा. या बाईंनी पाहिले नव्हते.

शब्द जुळत नाहीत तेव्हा

दार उघडे असेल आणि टक्काही शाबूत असेल, तरच शब्दांकडे वळावे. बाईंच्या प्रोफाइलमध्ये हाही दोष होताच. त्यांचे शीर्षक आधी असे होते:

```
Accountant | Excel Expert | Data Entry | Virtual Assistant
```

चार जाळी टाकली तर एकात तरी मासा लागेल, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात क्लायंट ‘अकाउंटंट’ शोधत नाही. त्याच्या दुकानाचे हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्याचे नाव आणि अडलेले काम, एवढेच तो टाकतो. हे अंदाजाने ठरवू नये. त्यांना गेल्या वर्षभरात आलेले इन्व्हाइट आणि त्यांनी अर्ज केलेल्या जाहिराती आम्ही शेजारी ठेवून वाचल्या. जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत झीरो किंवा क्विकबुक्स ऑनलाइन यांपैकी एक नाव होते आणि काम म्हणून बँकेच्या नोंदी जुळवणे किंवा पुरवठादारांची बिले चढवणे हे होते. ‘डेटा एंट्री’ हा शब्द ज्या जाहिरातींत होता त्यांपैकी एकही काम त्यांनी स्वीकारले नसते. म्हणून शीर्षक बदलून असे केले:

```
Xero & QuickBooks Online Bookkeeper | Bank Reconciliation, Payables
```

शीर्षकाला 70 अक्षरांची मर्यादा आहे आणि हे 67 अक्षरांत बसते. त्यात ऑस्ट्रेलियातील कर-विवरणाचे संक्षिप्त नाव घालण्याचा बाईंचा आग्रह होता, कारण ते शब्द शोधले जातात हे त्यांना माहीत होते. पण तेथे त्या विवरणाचे काम शुल्क घेऊन करण्यासाठी नोंदणीकृत एजंट असावे लागते आणि त्या तशा नाहीत. शोधात येण्यासाठी जे आपण विकू शकत नाही त्याचे नाव शीर्षकात लावले, तर येणारे क्लिक फुकट जातात आणि एखादे काम चुकून मिळालेच तर वरच्या हिशेबातील वाईट कामांत एकाची भर पडते.

शीर्षकापेक्षाही कमी लक्ष ज्याकडे जाते ती स्किलची यादी. ती आपण मनाने लिहीत नाही. साइटने ठरवलेल्या नावांमधून निवडतो, आणि काम टाकताना क्लायंटही त्याच नावांमधून निवडतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे शब्द नेमके एकमेकांवर बसण्याची ही एकमेव जागा आहे, आणि काम टाकल्यावर क्लायंटला जे फ्रीलान्सर सुचवले जातात त्यात या जुळणीचा उपयोग होतो. बाईंच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ आणि ‘टायपिंग’ यांनी जागा अडवली होती, आणि बँकेच्या नोंदी जुळवण्याचे स्किल नव्हतेच. अशा वेळी दहा अलीकडच्या, आपल्याला खरोखर हव्या असलेल्या जाहिराती उघडून त्यांच्या तळाशी असलेली स्किलची नावे उतरवून घ्यावीत. जी नावे वारंवार येतात ती जशीच्या तशी निवडावीत. समानार्थी दुसरे नाव चालेल असे गृहीत धरू नये.

ओव्हरव्ह्यूला 5000 अक्षरांपर्यंत जागा असली तरी शोधाच्या यादीत त्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तेथे ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि नऊ वर्षांचा अनुभव असलेली व्यावसायिक आहे’ असे लिहिले की शोधाला पकडण्याजोगा एकही शब्द मिळत नाही आणि क्लायंटलाही क्लिक करण्याचे कारण मिळत नाही. बाईंनी पहिल्याच वाक्यात कोणत्या प्रकारच्या दुकानांचे हिशेब त्या लिहितात, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि महिना संपल्यावर किती दिवसांत ते बंद करून देतात, एवढे सांगितले. तेच शब्द ओव्हरव्ह्यूच्या तळाशी स्वल्पविराम देऊन तीसदा लिहिण्याची जी पद्धत काही जण सांगतात, ती मी कोणालाही सुचवणार नाही. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळते. दोन वेगळ्या प्रकारची कामे करत असाल, तर एकाच शीर्षकात कोंबण्याऐवजी सामान्य प्रोफाइलबरोबर वेगळे विशेष प्रोफाइल तयार करण्याची सोय आहे, ती वापरावी.

फाइव्हर या दुसऱ्या साइटवर काम करणाऱ्यांसाठी येथे थोडे वेगळे सांगावे लागते. तेथे शोधात माणूस येत नाही, गिग म्हणजे त्याने विकायला ठेवलेली एकेक सेवा येते. म्हणून एक गिग वर असताना त्याच विक्रेत्याचा दुसरा गिग तळाला असू शकतो. गिगला पाच टॅग देता येतात आणि प्रत्येक गिगचे इम्प्रेशन व क्लिक निरनिराळे दाखवले जातात, त्यामुळे दिसत नाही की दिसूनही उघडला जात नाही, हे तेथे ओळखणे पुष्कळ सोपे आहे. गिगचे नाव बदलले तरी त्याच्या लिंकमधले शब्द पहिल्या नावाचेच राहतात, हे मात्र आधी माहीत असावे.

आपला क्रमांक कसा पाहू नये

अपवर्कवर आपण कितव्या पानावर आहोत हे पाहण्यासाठी लोक त्याच लॉग-इनवर क्लायंट खाते जोडून स्वतःलाच शोधतात. क्लायंट खाते जोडण्यास हरकत नाही, परंतु दुसरे फ्रीलान्सर खाते उघडणे नियमांविरुद्ध आहे, तो मोह टाळावा. अशा शोधातून आपण यादीत आहोत की नाही, कोणता फिल्टर लावताच गळतो आणि पहिल्या ओळी कशा दिसतात, एवढे नीट कळते. मी तर प्रत्येक फिल्टर एकेक करून लावतो आणि नाव कोठे नाहीसे होते ते पाहतो. बाईंचे नाव 90 टक्क्यांच्या फिल्टरवर गेले, तेथेच अर्धा निकाल लागला. क्रमांकावर मात्र विश्वास ठेवू नये. निकाल शोधणाऱ्यानुसार आणि वेळेनुसार बदलतात, त्यामुळे सकाळी बारावे आणि संध्याकाळी तिसाव्या स्थानी असणे याला फारसा अर्थ नसतो.

त्यापेक्षा `My Stats` या पानावरील प्रोफाइल पाहिल्याच्या नोंदी आणि मिळालेले इन्व्हाइट दर सोमवारी एका वहीत लिहून ठेवावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून किमान दोन आठवडे थांबावे. पाहणारे वाढले पण इन्व्हाइट वाढले नाहीत, तर शोध चालू आहे आणि प्रोफाइल उघडल्यानंतर काहीतरी खटकते आहे, असे समजून पोर्टफोलिओ, दर आणि जुने अभिप्राय पाहावेत. इन्व्हाइट येत आहेत पण सगळे भलत्याच कामांचे आहेत, तर शब्द चुकले आहेत. दोन्ही शून्यावर असतील तर शब्दांना हात न लावता पुन्हा दार आणि गाळणी पाहावी.

बूस्टचा उपयोग कधी, हा प्रश्न यानंतरच येतो. प्रोफाइल बूस्ट करताना क्लायंटच्या क्लिकमागे कनेक्ट्स खर्च होतात, आणि प्रोफाइल योग्य शब्दांवर येत नसेल तर आपण चुकीच्या लोकांच्या क्लिकचे पैसे भरतो. ‘उपलब्ध’ असा बॅजही कनेक्ट्स देऊनच मिळतो. बूस्ट केल्याने 83 चा टक्का 90 होत नाही, म्हणून फिल्टर लावणाऱ्या क्लायंटसमोर आपण पैसे मोजूनही येत नाही. ठिकाणाच्या बाबतीतही तेच: ज्याने फक्त अमेरिकेतील फ्रीलान्सर हवेत असे निवडले आहे त्याच्या यादीत सांगलीचे प्रोफाइल कोणत्याही उपायाने येणार नाही, आणि ठिकाण खोटे दाखवले तर ओळख-पडताळणीत खातेच बंद होऊ शकते.

बाईंनी प्रथम स्किल बदलली, दोन आठवड्यांनी शीर्षक आणि त्यानंतर ओव्हरव्ह्यू. पाहणाऱ्यांची संख्या शीर्षकानंतर वाढली. इन्व्हाइट पुढच्या महिन्यात येऊ लागले, पण ते फिल्टर न लावता शोधणाऱ्या छोट्या क्लायंटचे होते. उघड्या राहिलेल्या दोन कॉन्ट्रॅक्टपैकी एक क्लायंटने बंद करून अभिप्राय दिला, दुसऱ्याने उत्तरच दिले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतः बंद केले. वहीतल्या 24 महिन्यांच्या हिशेबाप्रमाणे एकूण आठ नवी कामे समाधानाने बंद झाली, तर 20 पैकी 19 चांगली होऊन त्या खिडकीतला टक्का पुन्हा 90 वर येईल, तेही मधल्या काळात जुनी कामे आणखी बाहेर पडली नाहीत तर. त्यामुळे मोठा क्लायंट सांभाळत त्या आता महिन्याला एक-दोन छोटी, ठरावीक रकमेची कामे मुद्दाम घेतात, आणि खिडकीतून पुढचे जुने काम कोणत्या तारखेला बाहेर पडणार आहे ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.